प्राणवायूचा दुसरा खिळा

सुर्ल्याच्या वाटेवरच्या त्या हायर सेकंडरीत सरस्वतीपूजनाला दोन हार यायचे. एक सरस्वतीला आणि दुसरा दिनकर सरांच्या तक्त्याला. सरस्वतीचा एखाद्या वर्षी छोटा असायचा, तक्त्याचा कधीच नाही.

तक्ता तसा देखणा होता, उगाच कशाला खोटं बोला. सहा फूट उंच, चार फूट रुंद हार्डबोर्ड, निळी जमीन आणि त्यावर पांढऱ्या रंगात रेणूची शिडी. दोन अणू एकत्र आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांना राहायला ज्या नव्या जागा तयार होतात, त्या खालून वर अशा पायऱ्या पायऱ्यांनी दाखवलेल्या. काही पायऱ्या रेणूला जोडणाऱ्या, काही तोडणाऱ्या. तोडणाऱ्यांच्या नावावर चांदणी. प्रत्येक जागेला दोन खिळे, आणि खिळ्यांवर अडकवायला डालड्याच्या डब्यांचे पत्रे कापून केलेले लाल बाण. एक बाण म्हणजे एक इलेक्ट्रॉन. नायट्रोजन आणि त्याहून हलक्या रेणूंत मधल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल होते, ती टीपसुद्धा सरांनी खाली बारीक अक्षरात लिहवून घेतली होती. दहा वर्षं अकरावीची पोरं त्या तक्त्यावर बाण अडकवत मोठी झाली. आता सर प्रिन्सिपल झाले होते आणि गोवा राज्य झालं होतं. या दोन गोष्टींतली मोठी कोणती, हे सरांना विचारलं असतं तर त्यांना थोडा विचार करावा लागला असता.

शुभांगी मात्र अजून काहीच झाली नव्हती. दोन वर्षं ती 'टेम्पररी' होती. माहेर हळर्णचं, एम.एस्सी. केमिस्ट्री, वय सत्तावीस, आणि जिभेला हाड नाही असं खुद्द तिची आई चारचौघांत सांगायची. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात तिचं कायम होणं किंवा घरी बसणं ठरायचं होतं. गुरुवारी पणजीहून शिक्षण खात्याचे साहेब येणार, तिने त्यांच्यासमोर अकरावीचा एक पाठ घ्यायचा. मागल्या बाकावर साहेब, संस्थेचे चेअरमन अनंतशेट आणि प्रिन्सिपल. साहेबांनी शेरा लिहायचा, पण शिफारस प्रिन्सिपलची. ती नसली तर अनंतशेटांची भाची प्राजक्ता म्हापशाला एम.एस्सी.ची डिग्री मांडीवर घेऊन तयारच बसली होती.

पाठाचा विषय सरांनीच ठरवला होता. "मॉलेक्युलर ऑर्बिटल घे," ते म्हणाले. "आपला तक्ता आहे. तक्ता बघितला की साहेब गार."

हा धडा आजवर सर स्वतः शिकवायचे, शुभांगीच्या वाट्याला कार्बनची लांबलचक साखळी आलेली. म्हणून सोमवारी तिने वर्गात रंगीत तालीम घेतली. तक्त्याला तिचा हात पहिल्यांदाच लागत होता.

"ऑक्सिजन," ती म्हणाली. "दोन अणू, प्रत्येकाचे आठ इलेक्ट्रॉन. किती बाण?"

"सोळा, टीचर!"

खालून वर भरत जायचं, खालची जागा सोडून वर चढायचं नाही. वन एसचे चार बाण, टू एसचे चार. मग टू पीची सिग्मा पायरी, दोन. तिच्यावर 'पाय' नावाची पायरी, तिथे सारख्या उंचीच्या दोन छोट्या रेघा शेजारी शेजारी, चार बाण. चौदा झाले. उरलेले दोन वरच्या चांदणीवाल्या पायवर. तिथल्या दोन खिळ्यांवर तिने दोन बाण अडकवले, एक वर तोंड करून, एक खाली.

"जोडणाऱ्या पायऱ्यांवर किती?"

"दहा!"

"तोडणाऱ्या?"

"सहा!"

"दहातून सहा गेले चार, त्याचे अर्धे दोन. बाँड ऑर्डर दोन. दुहेरी बंध. आता चुंबकाचं सांगा."

रेश्मा उठली. खाणीच्या वर्कशॉपमधल्या विठ्ठल फिटरची ही मुलगी, घर मूळचं कोल्हापूरकडचं, पाठांतर तोफेसारखं. "सगळ्या बाणांच्या जोड्या लागल्यात, टीचर. एकटा कुणीच नाही. म्हणजे ऑक्सिजन डायामॅग्नेटिक. चुंबक त्याला ओढत नाही."

शुभांगीच्या तोंडात 'शाब्बास' आलं आणि तिथेच अडकलं. कारण ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. पॅरामॅग्नेटिक आहे तो. ही सगळी शिडी पहिल्यांदा मिरवली ती याच कारणासाठी. ऑक्सिजनचे दोन अणू दोन रेघांनी जोडून दाखवले की सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले दिसतात, आणि तरीही चुंबक त्याला ओढतो. का ओढतो, ते ही शिडी सांगते. आणि इथे तर शिडीच उलटं सांगत होती.

तिने नाक लावून तक्ता पाहिला. खालच्या पाय पायरीवर दोन रेघा, चार खिळे. वरच्या चांदणीवाल्या पायवरही दोनच रेघा हव्यात. तिथे होती एक. एकच लांबलचक रेघ, दोन खिळ्यांची. दोन खोल्यांमधली भिंत पाडून कुणी एक हॉल केला होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सरांच्या नोट्समध्ये आहे, टीचर. पान सतरा."

तक्ता रंगवला होता शंभू पेंटरने. शंभू म्हणजे डिचोली तालुक्यातलं एक प्रकरणच. ट्रकांच्या मागची 'आईचा आशीर्वाद' त्याची, देवळाच्या भिंतीवरचा गरुड त्याचा, आणि भाषेच्या आंदोलनात रस्त्याच्या डाव्या भिंतीवर मराठीच्या आणि उजव्या भिंतीवर कोंकणीच्या घोषणाही त्याच्याच, एकाच दिवशी, एकाच ब्रशने. कुणी जाब विचारला तर म्हणायचा, "ब्रशाक आवयभास नसता." मातृभाषा ब्रशाला कसली!

शाळा सुटल्यावर शुभांगीने त्याला एका टिप्परच्या फाळक्यापाशी गाठलं. तो मोर रंगवत होता.

"शंभूबाब, सरांचा तक्ता आठवतोय? वरच्या पायरीची रेघ एकच का काढली?"

शंभूने मोराचा डोळा पुरा केला आणि मगच वळला. दहा वर्षांपूर्वीचं काम, पण त्याला लख्ख आठवत होतं. कारागीर माणूस. "सरांच्या कागदार दोन होत्यो गो बाय. मदीं इवलीशी जागा. माका वाटलां, पेन्सिल उचलली आसतली. मदीं तुटलेली रेघ बरी दिसता? जोडून टाकलंय."

"मग खालची का नाही जोडली?"

"खालची जोडूक गेलंय, तर सर फुडें उभे. वरडले, जोडू नको म्हणून. नाय जोडलंय."

"आणि वरची?"

"वरच्या येळार सर चाय पिऊक गेल्ले."

शुभांगी तिथेच कठड्यावर बसली. तिला हसू यावं की रडू, कळेना. एका माणसाला चहाची तल्लफ आली आणि दहा वर्षं या गावात प्राणवायूला चुंबक ओढेनासा झाला. केलं तुका नि झालं माका, ते असं.

मंगळवारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि जिभेवर शक्य तेवढा साखरेचा हात फिरवून सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शुभांगी, या तक्त्यावर दहा बॅच गेल्या. बोर्डात कुणाची बाँड ऑर्डर चुकली नाही. चल, फ्लोरिन घाल."

दोघं वर्गात गेली. तिने अठरा बाण अडकवले. शेवटचे दोन सगळ्यात वरच्या सिग्माच्या चांदणीवर गेले. जोडणारे दहा, तोडणारे आठ.

"बाँड ऑर्डर?"

"एक, सर."

"बरोबर की चूक?"

"बरोबर. पण सर, त्यातच तर मेख आहे. ते दोघे वरच्या चुकीच्या पायरीवर चढले. पण ती पायरीही तोडणारीच, म्हणून बेरीज-वजाबाकी चुकत नाही. बाँड ऑर्डर कायम बरोबर येते, म्हणून तर दहा वर्षं कुणाला संशय आला नाही. चुकतं ते चुंबकाचं. सारख्या उंचीच्या दोन जागा रिकाम्या असल्या की इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात. बसमध्ये रिकामं बाक दिसत असताना परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून कोण बसतं? इथे दुसरं बाकच नाही, म्हणून बिचारे एकावर एक बसलेत. आता निऑन घाला ना, सर. वीस बाण."

सरांनी स्वतःच्या हाताने घातले. अठरा खिळे भरले आणि दोन बाण त्यांच्या हातात उरले. शुभांगी मनात म्हणाली, झालं, पटलं.

सर एक क्षणभर त्या दोन बाणांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बघ! निऑनचा रेणू बनतच नाही! बाण उरले, हीच त्याची साक्ष!"

"सर, तो बनत नाही ते दहाला दहा होऊन बाँड ऑर्डर शून्य येते म्हणून! खिळे कमी पडले म्हणून नव्हे!"

आवाज चढला होता. वऱ्हांड्यातली दोन पोरं थांबली, आणि सरांनी ती थांबलेली पाहिली. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

"हा तक्ता मी समोर उभा राहून रंगवून घेतलाय," सर हळू आवाजात म्हणाले. "खिळा न् खिळा. समजलं? आणि हवा चुंबकाला चिकटते का? माझ्या घरी रेडिओच्या कर्ण्याचं चुंबक पडलंय, त्याला कधी हवा चिकटलेली मी पाहिली नाही. गुरुवारी तक्त्याप्रमाणे शिकवायचं. नसेल जमत तर मला शिफारशीचा वेगळा विचार करावा लागेल."

समोर उभा राहून, म्हणे. शुभांगीला त्या चहाचा कप त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. ओतला नाही. घरी आली आणि तो सगळा राग नवऱ्यावर काढला, लग्नाची हीच तर सोय असते.

नवरा सुधीर. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला. काम काय, तर गाई माजावर आल्या की कृत्रिम रेतन करायचं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लोक त्याला 'इंजेक्शनवालो' म्हणायचे आणि तोंडावर न म्हणायचं काहीबाही पाठीमागे म्हणायचे. त्याच्या स्कूटरच्या मागे दुधाच्या कॅनसारखी एक जाड ॲल्युमिनियमची कॅन बांधलेली असायची. आत द्रवरूप नायट्रोजन, शून्याखाली एकशे शहाण्णव डिग्री, आणि त्या थंडीत नामांकित बैलांचं बी नळ्यांत झोपलेलं.

सुधीरने पावाचा उंडा चहात बुडवत सगळं ऐकून घेतलं. शांत माणूस. दिवसभर गाईंच्या कुठल्या टोकाशी काम करतो ते पाहता शांत असावंच लागतं.

"शिकव की तक्त्याप्रमाणे," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं खोटं बोल, तीस वर्षं पगार घे. कायम झालीस की पुस्तकाप्रमाणे शिकव."

"आणि रेश्मा? ती पान सतरा घेऊन बोर्डाला बसेल. मी फळ्यासमोर उभी राहून तिला शाब्बास म्हणू?"

"मग पुस्तक दाखव साहेबाला."

"पुस्तकाविरुद्ध प्रिन्सिपलचा तक्ता. साहेब पाहुणा माणूस, जेवून जायचं असतं त्याला. ऑक्सिजनलाच विचारलं पाहिजे. पण हवेतला ऑक्सिजन इतका विरळ, ओढला गेलेला दिसतोय कुणाला?" बोलता बोलता ती थांबली. तिची नजर दाराशी ठेवलेल्या कॅनवर गेली होती. "अहो, तुम्ही एकदा म्हणालात ना, झाकण सैल राहिलं तर नायट्रोजन निळसर दिसायला लागतो?"

"हां. हवा लागून खराब होतो."

"खराब नव्हे हो! हवेतला ऑक्सिजन गार होऊन आत पाणी होतो, तो निळा असतो! नायट्रोजनपेक्षा तेरा डिग्री आधीच त्याचं पाणी होतं. म्हणजे शुद्ध ऑक्सिजन एका नळीत सोडला आणि नळी तुमच्या नायट्रोजनमध्ये धरली, तर..."

सुधीरचा उंडा चहात पडला. "शुभा, त्या कॅनमध्ये पेडणे तालुक्याची पुढली सगळी वासरं आहेत."

"एक थर्मासभर द्या. वासरांना कळणारसुद्धा नाही."

ऑक्सिजनचं सिलिंडर मिळालं ते खाणीच्या वर्कशॉपमध्ये, विठ्ठल फिटरकडे. लोखंड कापायला तो रोज वापरायचा. चुंबकही त्याच्याकडचंच. खनिजाच्या पट्ट्यावर लोखंडाचे तुकडे पकडायला टांगलेलं, घोड्याच्या नालासारखं, असं तगडं की त्याने एकदा विठ्ठलच्या हातातला पाना हिसकावून घेतला होता. विठ्ठलने दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या बसवून मध्ये बोटभर फट ठेवली.

"आवो बाई, पर हवा चुंबकाला चिकटती व्हय?" त्याने विचारलं. "मी बारा वर्सं दोन्ही हाताळतोय, मला न्हाई दिसलं कधी."

"चिकटली नाही तर मी घरी बसणार, विठ्ठलराव."

"मग चिकटंल की," विठ्ठल म्हणाला. त्याला तिच्याविषयी वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

गुरुवारी सकाळी शुभांगीला घास उतरला नाही. भीतीच वाटत होती, साधी सरळ भीती. भाड्याचं घर, सुधीरची बेताची नोकरी, आणि दोन वर्षं टेम्पररी म्हणून खाल्लेले टोमणे. नळीला तेलाचा थेंबही लागलेला नको म्हणून तिने काचेच्या आणि रबराच्या नळ्या साबणाने आणि स्पिरिटने तीनतीनदा धुतल्या. तेल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांची गाठ पडली तर कायम होणं राहिलं बाजूला, वर्गच उठला असता.

दहा वाजता साहेब आले. अनंतशेट सिगरेट ओढत आले. दिनकर सर इस्त्रीचे कपडे घालून आले आणि तक्त्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसून मागे जाऊन बसले. ते पाहून शुभांगीला वाटलं, वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

तिने सुरुवात केली. आधी नायट्रोजन. खालच्या टिपेप्रमाणे मधल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल सांगून चौदा बाण अडकवले. जोडणारे दहा, तोडणारे चार, बाँड ऑर्डर तीन. सगळ्या जोड्या, एकटा कुणी नाही, म्हणून डायामॅग्नेटिक. साहेब मान डोलावत होते. सरांचा चेहरा फुलला होता. मग ऑक्सिजन, सोळा. बाँड ऑर्डर दोन. शेवटचे दोन बाण तिने त्या लांब रेघेवर अडकवले, आणि ती वर्गाकडे वळली.

"आपला तक्ता म्हणतो, हे दोघे एकाच जागेत, जोडीने. म्हणजे चुंबकाचं नि ऑक्सिजनचं काही देणंघेणं नाही. पुस्तक म्हणतं, इथे सारख्या उंचीच्या दोन जागा आहेत, दोघे वेगवेगळे, एकेकटे बसलेत. म्हणजे चुंबक ओढणार. बाँड ऑर्डर दोन्हींकडे दोनच, तिच्यावरून भांडण मिटत नाही. मग खरं कोण? ज्याचं घर आहे, त्यालाच विचारूया."

दिनकर सर अर्धे उठले. पण तेवढ्यात दारातून सुधीर कॅन घेऊन आत आला आणि अनंतशेट मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर आमच्या जर्सीचा डॉक्टर! इथे कुणाला इंजेक्शन देतोस रे?"

वर्ग असा हसला की पोरींनी तोंडं वह्यांत खुपसली. साहेबही हसले. शुभांगीने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि ती म्हणाली, "शेट, आधी सिगरेट विझवा. नाहीतर आपण सगळेच एकदम पॅरामॅग्नेटिक होऊन पणजीला पोचू." शेटांनी विझवली. कायम व्हायच्या दिवशी चेअरमनला असं बोलणारी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

सुधीरने थर्मासमध्ये नायट्रोजन ओतला. धूर टेबलावरून खाली उतरला. विठ्ठलने बाहेर सिलिंडरची चावी इवलीशी फिरवली, आणि थर्मासमध्ये बुडवलेल्या परीक्षानळीत रबरी नळीतून ऑक्सिजन यायला लागला. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सर पुन्हा खाली बसले होते, हाताची घडी घालून. चौथ्या मिनिटाला शुभांगीने नळी उचलून उजेडात धरली. तळाला तीन बोटं पाणी साचलं होतं. फिकं निळं, पाऊस ओसरल्यावरच्या आभाळासारखं.

"आधी नायट्रोजन," ती म्हणाली आणि थर्मास चुंबकाच्या फटीवर वाकडा केला. नायट्रोजन फटीतून सरळ खाली गेला, टेबलावर थेंबथेंब धावला आणि उडून गेला. थांबला नाही. पुन्हा ओतला, पुन्हा सरळ खाली. चुंबकाची टोकं मात्र त्याने पांढरी गार झाली. "सगळे जोडीने. चुंबकाला ओळखसुद्धा दाखवत नाहीत. आता ऑक्सिजन."

तिने निळी नळी वाकडी केली.

निळं पाणी फटीत पडलं आणि तिथेच थांबलं. खाली आलं नाही. दोन टोकांच्या मध्ये, अधांतरी, निळा पूल बांधल्यासारखं लटकलं, उकळत राहिलं, धूर सोडत राहिलं. मग ते हळूहळू बारीक होत होत विरून गेलं आणि रेश्मा बाकावर उभी राहून ओरडली, "चिकटला! टीचर, चिकटला!"

बाहेरून विठ्ठलने विचारलं, "चिकटला व्हय?" आणि सगळा वर्ग बाकं बडवायला लागला.

शुभांगीने आणखी दोनदा ओतलं. दोन्हीदा लटकलं. तिने मागे पाहिलं तेव्हा दिनकर सरांची खुर्ची रिकामी होती.

साहेबांनी जाता जाता लिहिलं, 'पाठ प्रभावी. शाळेच्या शैक्षणिक साधनाचा अनादर झाला, तो टाळता आला असता.' अनंतशेट म्हणाले, "मजा आली हो, पण प्रिन्सिपलची शिफारस नसेल तर माझे हात बांधलेले." आणि बांधलेल्या हातांनी दुसरी सिगरेट पेटवली.

शुक्रवारी सर वर्गावर आले नाहीत. शनिवारीही नाहीत. केबिनचं दार लोटलेलं. शिपाई सांगायचा, सर जुने पेपर काढून बसलेत. शुभांगीला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. लाज वाटत होती. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्याच पोरांसमोर उघडं पाडलं, आणि तेही बैलांच्या कॅनमधून. खोटं ती बोलली नसती, ते बोलायला तिला आतासुद्धा जमलं नसतं. पण त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहवत नव्हतं, हेही तितकंच खरं. सुधीरला ती म्हणाली, "प्राजक्ता येऊ दे. मी हळर्णाला काकड्या लावीन." सुधीर म्हणाला, "काकड्यांना चुंबक नको लावूस म्हणजे झालं."

सोमवारी शिपायाने तिला अकरावीच्या वर्गात बोलावलं. प्रार्थना व्हायची होती. तक्ता भिंतीवरून उतरवून बाकांवर आडवा ठेवला होता. शंभू त्याच्यावर ओणवा होऊन ब्लेडने पांढरा रंग खरवडत होता. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, स्टुलावर, दिनकर सर बसले होते. मांडीवर पिवळ्या पडलेल्या उत्तरपत्रिका, हातात पट्टी.

"मदीं अर्दो इंच, सर?"

"मी सांगेपर्यंत खरवड."

शुभांगी दाराशी उभी राहिली. सरांनी मान वर केली नाही.

"आधी माझ्या जुन्या वहीतल्या नोट्स होत्या," ते म्हणाले. "पुस्तकावरून काढलेल्या. त्यांत बरोबर होतं. वाळवीने खाल्ल्या. मग मी या तक्त्यावरून नव्या केल्या. तक्ता बघून लिहिलं, पान सतरा." त्यांनी वरची उत्तरपत्रिका उचलली. "अठ्ठ्याहत्तरची घटक चाचणी. एका पोराने पॅरामॅग्नेटिक लिहिलंय. दोन इलेक्ट्रॉन वेगवेगळे काढलेत, नीट. मी दोन मार्क कापलेत, आणि बाजूला लिहिलंय, 'तक्ता पाहावा'."

शुभांगी दोन पावलं पुढे आली. "सर, बाँड ऑर्डर तर सगळ्यांची बरोबर..."

"समजूत घालू नकोस गो," सर म्हणाले. त्यांनी खिशातून लिफाफा काढून तिच्यापुढे धरला. शिफारस होती, शुक्रवारची तारीख घातलेली. जुने पेपर काढायच्याही आधी त्यांनी ती लिहिली होती.

तिने लिफाफा घेतला. डोळे पुसले. तोवर शंभूने रेघ मधोमध तोडली होती. आता दोन छोट्या रेघा झाल्या, शेजारी शेजारी, सारख्या उंचीच्या, आणि खिळ्यांचं काम राहिलं होतं. सरांनी शर्टाच्या खिशातून दोन नवे खिळे काढून शंभूच्या हातावर ठेवले.

एवढ्यात कँटीनची सुलोचना दोन कप घेऊन आली. "सर, चाय जाली. येतात मरे बाहेर? हांगा रंगाचो वास येता."

दिनकर सर स्टुलावरून हलले नाहीत.

"तिथेच ठेव," ते म्हणाले. "आधी दुसरा खिळा बसू दे."